“ताई, ते झालं का?”

(प्रभागातल्या समूहांच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या मांडणीचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी इथे देत आहोत.)



आज मी योजना सांगायला आलेले नाही, फॉर्म भरायलाही नाही. आज थोडं बोलण्याबद्दलच बोलायचं आहे. म्हणजे आपण प्रश्न कसा विचारतो त्याबद्दल. सुरुवात माझ्या फोनपासून करते. मागच्या आठवड्यात मला आलेले काही मेसेज मी वहीत उतरवून आणलेत. नावं सांगत नाही, घाबरू नका.

“ताई, ते झालं का?”
“हे कधी भरायचं?”
“वरचं आमच्या गटाला पण लागू आहे का?”
“ताई, यातले कट झाले, परत मिळतील का?”
“त्यांचं लिंक झालं नाही म्हणतात, आता काय करू?”

हसू नका, यातला एखादा तुमचाच असेल! आणि खरं सांगायचं तर मी माझ्या वरच्या मॅडमना पाठवलेला एक मेसेजही या वहीत आहे: “मॅडम, त्याचं पुढे काय करायचं?” त्यांनी उलट विचारलं, “कशाचं?” मी अर्धा तास मनात त्याच कामाचा विचार करत होते, त्यामुळे मला वाटलं त्यांनाही कळेल. त्या मात्र तेव्हा दुसऱ्याच तालुक्यात बैठकीत होत्या.

‘ते’, ‘हे’, ‘यात’, ‘वरचं’ हे शब्द बोटासारखे असतात. बोट कशाकडे तरी दाखवायचं असतं. अंगणात बसून तुम्ही म्हणालात, “ते आत घे गं,” तर सून वाळत घातलेल्या पापडांकडे बघते आणि आत घेते. पापड तिथे आहेत, ढग वर आलेत, तुमची नजर तिकडे आहे. ‘ते’ म्हणजे काय हे तिला विचारावंच लागत नाही. तेच वाक्य तुम्ही शेतातून फोनवर बोललात, तर ती विचारेल, “काय आत घेऊ? पापड, कपडे की शेळी?” वाक्य तेच, पण फोनमधून बोट दिसत नाही.

आपल्याला सवय आहे समोरासमोर बोलायची. ओट्यावर, पाणवठ्यावर, सभेत गोल बसून. तिथे अर्धं बोलणं हाताने आणि डोळ्याने होतं. आता निम्मे व्यवहार फोनवर आले, बँकेत कागदावर आले, आणि आपण मात्र तसंच बोट दाखवत बोलतो. समोरच्या माणसाला फक्त ‘ते’ ऐकू येतं.

आता एक घडलेली गोष्ट सांगते. यात चूक माझीही आहे, म्हणून सांगताना जरा जड जातंय. त्या ताईंना विचारून सांगते आहे. त्या आज इथे बसल्यात, पण नाव घेऊ नको म्हणाल्या.

त्या ताई 43 वर्षांच्या. मालक गेलेत, दोन मुली शिकतात. मे महिन्यात, दुपारी एकच्या सुमाराला, मला त्यांचा मेसेज आला: “ताई, ते बंद करू का? उगाच पैसे जातात.” मी एसटीत उभी होते, एका हाताने दांडा धरलेला. त्याआधी आठ-दहा दिवसांपूर्वी त्या मला म्हणाल्या होत्या की गल्लीतल्या भिशीत महिन्याला दोनशे रुपये जातात, आणि भिशी चालवणारी बाई हिशोब नीट देत नाही. माझ्या डोक्यात ते पक्कं बसलेलं. मी उत्तर टाकलं, “हो, करा बंद.” तीन शब्द. आणि फोन पिशवीत टाकला.

त्यांच्या डोक्यात भिशी नव्हतीच. त्या त्या दिवशी बँकेत पासबुक भरून घ्यायला गेल्या होत्या. त्यात मागच्या मे महिन्यातली एक ओळ त्यांना दिसली, 436 रुपये वजा. त्यांनी विचारलं तेव्हा समजलं की हा विम्याचा हप्ता आहे, या मे अखेरीस पुन्हा कापला जाईल, आणि नको असेल तर अर्ज द्या. त्या काउंटरपासून बाजूला झाल्या, मला मेसेज केला, माझं “हो, करा बंद” वाचलं, आणि अर्ज देऊन घरी गेल्या.

436 रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. तुमच्यापैकी बऱ्याच जणींचा आहे. वय 18 ते 50 च्या आत खातं असलेल्या कुणालाही घेता येतो, आणि एकदा घेतला की वयाच्या 55 पर्यंत चालू ठेवता येतो. वर्ष 1 जूनला सुरू होतं आणि 31 मेला संपतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बँक हप्ता खात्यातून परस्पर कापते. विमेदाराचा मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला 2 लाख रुपये मिळतात. त्या ताईंच्या वारस म्हणून मोठ्या मुलीचं नाव होतं. त्या घरात दुसरा कुठला आधार नाही. बंद करायचीच असती तर भिशी बंद करायची होती, आणि बंद झाला हा विमा.

मला हे कळलं जुलैमध्ये. समूहाच्या सभेत आम्ही सगळ्यांची पासबुकं उघडून मे महिन्याची पानं बघत होतो की हप्ता कुणाचा गेला, कुणाचा खात्यात पैसे नसल्याने राहिला. यांच्या पानावर 436 नाहीच. मी विचारलं, “ताई, तुमचा विमा कापला गेला नाही, शिल्लक नव्हती का?” त्या म्हणाल्या, “तुम्हीच तर सांगितलं बंद करा म्हणून.” मी म्हटलं, “मी? कधी?” त्यांनी फोन काढून माझ्यासमोर धरला. मेसेज तिथेच होता. त्यांनी विचारलेलं ‘ते’ आणि मी समजलेलं ‘ते’, दोन्ही एकाच ओळीत.

त्याच आठवड्यात आम्ही बँकेत जाऊन पुन्हा फॉर्म भरला. जून ते ऑगस्टमध्ये घेतला तर हप्ता पूर्ण 436 च लागतो, पुढे उशीर होईल तसा कमी होतो. पैशांचं नुकसान काही झालं नाही. पण एक अट आहे जी आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. एकदा बाहेर पडून पुन्हा आत आलं की पहिले 30 दिवस विम्याचं संरक्षण मिळत नाही. अपघाताने काही झालं तरच मिळतं, आजारपणाने झालं तर नाही. म्हणजे जूनचा पूर्ण महिना, जुलैचे काही दिवस, आणि वर हे 30 दिवस, इतका काळ त्या दोन मुलींच्या मागे ते 2 लाख नव्हते. ते 30 दिवस मी कॅलेंडरवर मोजले. त्या ताईंना एकदा ताप आला, तर मी दिवसातून दोनदा फोन केला. त्यांना वाटलं मला त्यांची फार काळजी आहे. काळजी होतीच, पण का ते मी तेव्हा सांगितलं नाही. दिवस निघून गेले, ताई ठणठणीत आहेत.

आता हाच मेसेज कसा असायला हवा होता ते बघू. मी त्या ताईंबरोबर बसून तो पुन्हा लिहिला. पहिल्यांदा त्यांनी लिहिलं, “ताई, विमा बंद करू का?” बरं झालं, वस्तूचं नाव आलं. पण एवढ्याने भागत नाही. कारण त्यांच्या पासबुकात विम्याच्या दोन ओळी आहेत. एक 436 ची, आणि एक 20 रुपयांची. 20 वाला वेगळा, तो अपघात विमा, प्रधानमंत्री सुरक्षा विमा. नुसतं ‘विमा’ म्हटलं तर मी पुन्हा अंदाजच केला असता, आणि 436 पेक्षा 20 कमी म्हणून बहुधा 20 रुपयांवाला समजले असते. एका नावाच्या दोन गोष्टी असल्या की नाव घेऊनही बोट हवेतच राहतं. वाडीत एकाच नावाच्या दोन सुना असल्या की आपण ‘वरच्या आळीची’ म्हणतो ना, तसं काहीतरी लावावं लागतं.

मग मेसेज असा झाला: “ताई, माझ्या स्वतःच्या बचत खात्यातून मागच्या मे महिन्यात 436 रुपये विम्याचे कापले. या मे मध्ये परत कापणार म्हणतात. तो 436 चा विमा बंद करू का? मी आत्ता बँकेत आहे.”

बघा, यातही ‘तो’ आहे. पण त्याच्या आधीच 436 येऊन गेलंय आणि दुसरं काही मध्ये आलेलं नाही, म्हणून ‘तो’ कुठे जातो हे कळतं. ‘ते’, ‘हे’ म्हणू नका असं मी अजिबात सांगत नाहीये. प्रत्येक वाक्यात पूर्ण नाव घालत बसलो तर सरकारी परिपत्रकासारखं वाटेल. फक्त पहिल्यांदा नाव, मग ‘ते’. आणि मध्ये दुसरी गोष्ट आली की पुन्हा नाव. “आत्ता बँकेत आहे” हेही फार कामाचं आहे. ते लिहिलं असतं तर एसटीतसुद्धा माझ्या लक्षात आलं असतं की भिशी बँकेत नसते.

‘स्वतःच्या बचत खात्यातून’ असं का लिहिलं हे एका मावशींनी विचारलं होतं. कारण तुमच्या पिशवीत किमान दोन पासबुकं असतात, एक स्वतःचं आणि पदाधिकारी असाल तर एक समूहाचं. शिवाय कर्जखातं वेगळं. “खात्यातून पैसे गेले” म्हटलं की कुठल्या, हा प्रश्न उरतोच. समूहाच्या खात्यातून कर्जाचा हप्ता जाणं बरोबर आहे, आणि तुमच्या स्वतःच्या खात्यातून न विचारता काही जाणं ही चौकशीची गोष्ट आहे. दोन्हीला उत्तर वेगळं.

माझी चूक कुठे झाली तेही सांगते, कारण तुमच्यापैकी अध्यक्ष, सचिव आहेत, त्यांना रोज असे प्रश्न येतात. पहिली चूक, मी अंदाज केला. ‘ते’ वाचलं आणि माझ्या डोक्यात जे होतं ते तिथे बसवलं. दुसरी चूक त्याहून मोठी, मी नुसतं “हो, करा” म्हटलं. मी “हो, भिशी बंद करा” लिहिलं असतं, तर त्या तिथेच थबकल्या असत्या, “अहो भिशी नाही, विमा” म्हणाल्या असत्या. उत्तरात वस्तूचं नाव घातलं की प्रश्नातली गफलत तिथल्या तिथे उघडी पडते. त्या दिवसापासून मी नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ पाठवत नाही. वेळ लागतो, पण पाठवत नाही.

आणि कळलं नाही तर विचारायचं. पण कसं विचारायचं यातही फरक आहे. “काय ते? नीट सांगा” असं म्हटलं की समोरची बाई गप्प होते. तिला वाटतं आपल्याला विचारता येत नाही, पुढच्या वेळी ती विचारतच नाही. त्यापेक्षा आपणच नाव पुढे करायचं: “भिशीबद्दल विचारताय का, की बँकेतलं काही?” मग तिला फक्त निवडायचं असतं.

मी बरेच मेसेज बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण ‘ते’ म्हणतो ते दर वेळी विसरून म्हणत नाही. एक तर वस्तू डोळ्यांसमोर असते, पासबुक हातात उघडं असतं, म्हणून वाटतं समोरच्यालाही दिसतंय. मला एका मावशींचा आवाजी मेसेज आला होता: “हे बघा ना ताई, हे असं आलंय, हे इथे खाली.” मी फोन उलटा-सुलटा करून बघितला, मला काय दिसणार!

दुसरं म्हणजे नाव माहीतच नसतं. बँकेतले शब्द इंग्रजी, अर्जावरचे शब्द अवघड, चुकीचं बोललो तर हसतील, त्यापेक्षा ‘ते’ बरं. इथे मला सांगायचंय की नाव माहीत नसलं तरी अडत नाही. आपण खुणेने सांगू शकतो. किती रुपये, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, आले की गेले. “3 तारखेला माझ्या खात्यात 1500 जमा झाले, ते कशाचे?” असं विचारलंत तर मला शोधता येतं. कागद असेल तर कुणी दिला, कधी दिला, वर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय. पासबुकाच्या ओळीत इंग्रजी अक्षरं असतात, जसं PMJJBY किंवा PMSBY. वाचता आली नाहीत तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून जशीच्या तशी उतरवून घ्या. पहिली म्हणजे तो 436 वाला, दुसरी म्हणजे 20 वाला.

आणि तिसरं कारण, ते म्हणजे लाज. आपल्याकडे मालकांचं नाव घेत नाहीत. ‘हे’ म्हणतात, ‘ते’ म्हणतात, ‘त्यांचं’ म्हणतात. नाव घ्यायचं तर उखाण्यात, तेही आग्रह केल्यावर. मला त्याची गंमत वाटते, मी काही मोडा म्हणत नाही. पण “त्यांचं लिंक झालं नाही म्हणतात” हा जो मेसेज मी सुरुवातीला वाचला, त्यात मी दोन दिवस समजत होते की बँकवाल्यांबद्दल आहे. ‘त्यांचं’ म्हणजे मालकांचं, आणि ‘म्हणतात’ म्हणजे रेशन दुकानदार म्हणतात. मालकांचं आधार रेशन कार्डाला जोडलेलं नव्हतं. नाव घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण “माझ्या मालकांचं आधार” एवढं तरी म्हणा.

आरोग्याच्या गोष्टीत तर हे फारच होतं. आशाताई मला सांगत होत्या, बायका येतात आणि म्हणतात, “ताई, ते आलंच नाही.” पाळी आली नाही की रक्ताचा रिपोर्ट आला नाही? त्या हळूच कानात विचारतात तेव्हा कळतं. पुढे डॉक्टरांसमोर तर आणखीच अडतं, तिथे बायका पुरुष डॉक्टर असला की “तिकडे दुखतं” म्हणून थांबतात. तोंडाने बोलवत नसेल तर घरून चिठ्ठीवर लिहून न्या: पाळी शेवटची कुठल्या तारखेला आली, कुठे दुखतं, किती दिवस झाले. चिठ्ठी पुढे सरकवायला लाज वाटत नाही.

आता ‘वरचं’ या शब्दाबद्दल. आपल्या प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात खूप जणी आहेत. मी सकाळी नऊला प्रशिक्षणाची सूचना टाकते. मग पंधरा जणींचे नमस्कार, चार फुलांचे फोटो, एका समूहाचा शेवयांचा फोटो, मध्येच बचतीच्या तारखेची सूचना. दुपारी कुणीतरी लिहितं, “वरचं आम्हाला पण आहे का?” तुम्ही लिहायला सुरुवात केलीत तेव्हा वर जे होतं, ते पाठवेपर्यंत आणखी वर गेलेलं असतं. तुमच्यावर आता शेवयांचा फोटो आहे. आणि कधी कधी ज्याने मूळ मेसेज टाकला त्याने चुकलं म्हणून काढूनही टाकलेला असतो, मग ‘वर’ काहीच नसतं.

याला सोपा उपाय आहे. ज्या मेसेजबद्दल विचारायचंय त्यावर बोट ठेवून उजवीकडे सरकवा. तो मेसेज छोटा होऊन खाली लिहायच्या जागेवर येतो, आता प्रश्न लिहा आणि पाठवा. कितीही मेसेज मध्ये आले तरी तुमचा प्रश्न त्या मेसेजला चिकटलेला राहतो. इथे खरंच बोट दाखवता येतं! ज्यांना जमत नाही त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे या, दोन मिनिटांचं काम आहे.

फोटो पाठवताना प्रश्न त्याच फोटोखाली लिहा. फोटो निवडल्यावर पाठवायच्या आधी खाली लिहायची जागा येते, तिथे. आपण काय करतो, चार फोटो टाकतो आणि मग वेगळं लिहितो, “हे काय आहे?” चारातलं कुठलं? कागदावरच्या ज्या ओळीबद्दल विचारायचंय तिच्याशेजारी पेन्सिलीचं टोक किंवा काडी ठेवून फोटो काढा. पासबुकाचा फोटो मात्र गटात कधीच टाकू नका. फक्त मला किंवा तुमच्या बँक सखीला वेगळा पाठवा, आणि खाते क्रमांकावर कागद ठेवा. स्पष्ट विचारायचं म्हणजे सगळंच सांगायचं असं नाही. ओटीपी आणि पिन तर कुणालाही नाही, मलाही नाही.

शेवटी इतिवृत्ताची वही. इथे तोच घोटाळा कागदावर होतो. आपल्या एका समूहाने सचिव बदलल्या. ठराव लिहिला: “वरीलप्रमाणे चर्चा होऊन सदर पदावर यांची निवड करण्यात आली. जुन्या सह्या रद्द करून त्याऐवजी या सह्या चालू कराव्यात.” लिहिणाऱ्या ताईंचं अक्षर मोत्यासारखं, आणि भाषा अगदी कचेरीसारखी. पण गंमत अशी झाली की चर्चा आणि नावं मागच्या पानावर, आणि ठराव नव्या पानाच्या पहिल्या ओळीपासून. झेरॉक्स काढली ती ठरावाच्या पानाची. बँकेतल्या साहेबांसमोर जो कागद गेला त्यात ‘वरील’च्या वर काहीच नव्हतं, ‘सदर पद’ कुठलं ते नव्हतं, ‘यांची’ म्हणजे कुणाची ते नव्हतं. कागद परत आला. ताई पुन्हा गेल्या, पुन्हा तीच झेरॉक्स नेली, कारण त्यांना ठरावात काय कमी आहे तेच कळेना. त्यांना स्वतःला तर सगळं माहीत होतं. तीन हेलपाटे झाले. तोवर सह्या बदलल्या नाहीत, म्हणून खात्यातून पैसे निघेनात, आणि नेमके पेरणीचे दिवस. दोघींनी बियाण्यासाठी दुकानदाराकडून उधारीवर घेतलं, जास्त भावाने.

नवा ठराव आम्ही असा लिहिला. तारीख, समूहाचं पूर्ण नाव, मग: “आजच्या सभेत सचिव (इथे जुन्या सचिवांचं पूर्ण नाव) यांचा राजीनामा मंजूर केला. सचिव म्हणून (इथे नव्या ताईंचं पूर्ण नाव) यांची सर्वानुमते निवड केली. समूहाच्या बचत खाते क्रमांक (इथे क्रमांक) वरील जुन्या सचिवांची सही रद्द करून नव्या सचिवांची सही चालू करावी. अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष यांच्या सह्या पूर्वीच्याच राहतील.” आणि खाली अध्यक्ष, कोषाध्यक्ष यांची पूर्ण नावं आणि हजर सगळ्यांच्या सह्या. चार ओळी जास्त लागल्या. चौथ्या हेलपाट्यात काम झालं.

वहीतलं एक पान फाडून दूरच्या माणसाला दिलं तर त्याला कळेल का, असं बघायचं. मी मेसेजच्या बाबतीतही हेच करायला सांगते. पाठवायच्या आधी घरातल्या कुणाला तरी, ज्याने पासबुक बघितलेलं नाही त्याला, वाचून दाखवा. त्याने “काय ते?” असं विचारलं, तर त्याला जे उत्तर तोंडी द्याल तेच मेसेजमध्ये घाला.

ग्रामसभेचं एकच सांगते, मग जेवायला सोडते. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आपल्या एक ताई धीर करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, त्याचं काय झालं?” उत्तर आलं, “प्रक्रियेत आहे.” सभा पुढे गेली. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, मी अंगणवाडीजवळच्या हातपंपाबद्दल विचारत होते. साहेबांना कशाबद्दल वाटलं कुणास ठाऊक. ‘त्याचं’ म्हटलं की ‘प्रक्रियेत आहे’ हे उत्तर कशालाही बसतं, हातपंपाला, गटाराला, घरकुलाला. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला त्या ताईंनी चिठ्ठीवरून वाचलं: “अंगणवाडीजवळचा हातपंप मार्चपासून बंद आहे. दुरुस्तीचा अर्ज आमच्या ग्रामसंघाने 10 जूनला दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे. त्या अर्जावर काय निर्णय झाला आणि दुरुस्ती कुठल्या तारखेला होणार?” या प्रश्नाला ‘प्रक्रियेत आहे’ म्हणता आलं नाही. साहेबांनी फाईल मागवली. अर्ज दुसऱ्याच फाईलला लागलेला निघाला, तो तिथेच सगळ्यांसमोर बाहेर काढला. पंप अजून सुरू झालेला नाही, पण 26 जानेवारीला काय विचारायचं ते ताईंनी आत्ताच लिहून ठेवलंय. अर्जाचा आवक क्रमांकही आता त्यांच्याकडे आहे.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने स्वतःचं पासबुक भरून आणा, म्हणजे मे महिन्याच्या पानावर 436 आणि 20 च्या ओळी आहेत की नाहीत ते एकेक करून बघू. आणि ज्यांच्या ओळी नाहीत, त्यांनी आजच मला मेसेज करा. कसा करायचा ते आता माहीत आहे!